न रडणाऱ्या मित्रापर्यंत पोचायचं कसं?

आपल्या वस्तीत माणूस गेला की बायका रडतात आणि पुरुष मांडव घालतात. शीतपेटी कुठून आणायची, नातेवाइकांना फोन कोणी करायचे, घाटावर लाकडं सांगितली का, भन्तेजींना निरोप गेला का, ही सगळी धावपळ पुरुषांची. आत बायकांचा गराडा पडलेला असतो. एक उठली की दुसरी गळ्यात पडते. संध्याकाळी परत आल्यावर लोक आपसात हिशोब करतात, की अमकीने किती आकांत केला आणि तमक्याच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. या हिशोबालाच आमचा आक्षेप आहे. डोळ्यांतल्या पाण्यावरून दुःख मोजायची सवय चळवळीतल्या शिकलेल्या माणसांनाही सुटलेली नाही, आणि तिच्यामुळे घरं मोडताना आम्ही पाहिली आहेत.

समाजशास्त्र शिकताना डर्कहाइमचं एक म्हणणं आम्हाला तेव्हा जरा रुक्ष वाटलं होतं. शोक हा नुसता आतून उसळून येत नाही, समूह तो माणसाकडून करवून घेतो, कोणी कसं रडायचं हेही समूहच ठरवतो, असं तो १९१२ सालच्या ग्रंथात मांडतो. वस्तीत काम करू लागल्यावर ते रोज दिसायला लागलं. तान्ह्या बाळांच्या रडण्यात मुलगा-मुलगी असा काही फरक नसतो. फरक पुढे वाढत जातो, आणि तो वाढवायला आपण सगळे हातभार लावतो. पडून गुडघा फुटलेल्या पोराला "पोरगी आहेस का रडायला?" असं आपणच विचारतो. मुलीला मात्र आई जवळ घेते. तीस वर्षांनी त्याच पोराचं कोणी जवळचं जातं, तेव्हा रडायची जागा कुठे असते हेच त्याला माहीत नसतं. बाईला ती जागा मिळते. बहीण, जाऊ, शेजारीण, नळावरच्या मैत्रिणी असतात तिच्याजवळ. पुरुषाला खुर्च्यांची ओळ मिळते आणि "हिंमत ठेव" मिळतं.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. गावगाड्यात मरणाचा सांगावा गावोगाव पोचवायचं काम महारांकडे होतं. सरणाची लाकडं फोडायचं कामही त्यांच्याच माथी होतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पुरुषांनी मरणाकडे काम म्हणून पाहिलं, तेही दुसऱ्याच्या मरणाकडे. स्वतःच्या घरातलं कोणी गेलं म्हणून त्यांना कोणी सुट्टी दिली नाही. आजही ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाला शोकाची पगारी रजा नसते. तो आठव्या दिवशी कामावर गेला तर त्याला दगड म्हणण्याआधी त्याच्या घरातल्या डब्यात किती पीठ आहे ते बघावं.

आता मुद्द्याचं बोलू. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन हे दोन अमेरिकन अभ्यासक शोकाच्या दोन रीती सांगतात. एका रीतीत माणूस भावनेतून शोक करतो. रडतो, बोलतो, पुन्हा पुन्हा तेच सांगतो. दुसऱ्या रीतीत तो विचारातून आणि हातांतून शोक करतो. गेलेल्यासाठी काही तरी करतो, दुरुस्त करतो, लिहितो, लढतो. बायका पहिल्या रीतीकडे जास्त झुकतात आणि पुरुष दुसऱ्या, पण हे झुकणं आहे, नियम नव्हे. बहुतेक माणसांत दोन्ही मिसळलेलं असतं. नवरा गेल्यावर पाचव्या दिवशी धुणीभांड्याला जाणारी, कागदपत्रांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी, एकदाही मोठ्याने न रडलेली बाई आपल्या वस्तीत शोधावी लागत नाही. तिला लोक "कडक आहे" म्हणतात, मागे आणखी काय काय म्हणतात ते लिहायला नको. या दोघांनी एक तिसरी अवस्थाही सांगितली आहे, आणि आमच्या मते कार्यकर्त्याने लक्षात ठेवायची गोष्ट तीच आहे. आतून एक वाटत असतं आणि बाहेर दुसरंच दाखवावं लागतं, अशी ही फारकतीची अवस्था. हातांनी शोक करणारा माणूस ठीक असतो. दाबून ठेवणारा ठीक नसतो. बाहेरून मात्र दोघे सारखेच दिसतात, दोघेही रडत नाहीत.

मग ओळखायचं कसं? आमच्या एका मित्राची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

हा मित्र उत्तर नागपुरातला. ठेकेदाराकडे वायरमन आहे, आणि जयंतीच्या मंडळात, मोर्च्यात, कोणाच्याही शोकसभेच्या व्यवस्थेत पुढे असणारा. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये डेंग्यूने गेला. सोमवारी ताप आला, गुरुवारी सकाळी उतरला, म्हणून हा कामावर गेला. दुपारी पोराचं पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. संध्याकाळी भरती केलं आणि शुक्रवारी पहाटे पोरगं गेलं. त्यानंतर दवाखान्याचे कागद, गाडी, घाट, सगळं यानेच केलं. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला खुर्च्या यानेच लावल्या, पंगतीत वाढलं, शेवटी माईक हातात घेऊन आलेल्यांचे आभारही मानले. एका वक्त्याने अनित्यतेवर पाऊण तास भाषण केलं. हा मान डोलवत होता. आठव्या दिवशी तो साइटवर हजर झाला.

घरात वहिनींची अवस्था वेगळी होती. त्या रडत होत्या, बहिणीला तीच गोष्ट रोज सांगत होत्या, पोराचा शर्ट उशाशी घेऊन झोपत होत्या. तिसऱ्याच दिवशी नवऱ्याने पोराचं दप्तर माळ्यावर टाकलं, हे त्यांच्या मनात सलत होतं. आम्हाला त्या म्हणाल्या, "भाऊ, यांना काहीच नाही वाटत. पोरगं गेलं आणि यांचं सगळं पहिल्यासारखं चालू." त्या माहेरी जायचं बोलत होत्या.

आम्ही काही दिवस फक्त बघत राहिलो. कामात बुडालेला माणूस गेलेल्याच्या दिशेने काम करतो आहे की त्याच्यापासून पळतो आहे, हे बघायचं असतं. पोराची सायकल दुरुस्त करून शेजारच्या मुलाला देणारा बाप गेलेल्याच्या दिशेने चाललेला असतो. तो पोराचं नाव घेऊ शकतो, त्याची एखादी खोडी सांगून हसूही शकतो. आमचा मित्र नाव घेत नव्हता. शाळेसमोरचा रस्ता सोडून लांबच्या वळणाने जात होता. भिंतीवरचा फोटो समोर येणार नाही अशा जागी जेवायला बसत होता. ओव्हरटाइम मागून घेत होता, रात्री थोडी घेऊन येत होता, आणि पहाटे तीनला ओट्यावर बसलेला शेजाऱ्यांना दिसत होता. हे दाबणं होतं.

अशा माणसाला "मन मोकळं कर" म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "पोह" म्हणण्यासारखं आहे. भेटायला आलेले सगळे समोर खुर्ची ओढून, चेहऱ्यात चेहरा घालून विचारत होते, "कसा आहेस?" त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "ठीक आहे." "काही लागलं तर सांग" असंही लोक म्हणत. न सांगणं हीच ज्याची अडचण आहे त्याला सांगायला सांगून काय उपयोग? आम्ही त्याला काम सांगितलं. विहाराच्या वाचनालयातली वायरिंग खराब झाली होती, ते खरंच होतं. दर रविवारी सकाळी आठ ते दहा तो शिडीवर आणि आम्ही खाली, वायर धरायला. समोरासमोर बसलं की असा माणूस बंद होतो. शेजारी शेजारी, हात कामात आणि नजर तिसऱ्याच गोष्टीवर असली, की बोलणं सोपं जातं. गाडीवर मागे बसलेला माणूस जे बोलतो ते घरात बोलत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच असेल.

तीन रविवार तो फक्त फेज आणि न्यूट्रलवर बोलला. आम्हीही त्यावरच बोललो. चौथ्या रविवारी पिशवीतून एक छोटा टेस्टर निघाला. त्याने तो हातात धरला आणि म्हणाला, "हा त्याचा होय." पोराला वडिलांसारखा टेस्टर हवा होता म्हणून तीस रुपयांचा घेऊन दिला होता. इथे भावनेचा प्रश्न विचारायचा नसतो. "तुला कसं वाटतं?" विचारलं असतं तर तो टेस्टर पिशवीत परत गेला असता. आम्ही विचारलं, "त्याला लावायला कोणी शिकवला बे?" हा माहितीचा प्रश्न होता, आणि माहितीला तो उत्तर देऊ शकत होता. वर बघत, वायर सोलत, तो वीस मिनिटं बोलला. पोराचं नाव त्या वीस मिनिटांत दहा वेळा आलं. मग तो खाली उतरून फरशीवर बसला आणि म्हणाला, "ताप उतरला होता ना, म्हणून गेलो मी कामावर. मी घरी रायलो असतो तर?"

इतके दिवस तो दुःखाबरोबर अपराधही लपवत होता. न रडणाऱ्या पुरुषात आम्हाला हे फार वेळा सापडलं आहे. घर सांभाळणं हेच आपलं काम असं ज्याच्यावर बिंबवलेलं असतं, त्याला घरातलं मरण आपल्या कामातली कसूर वाटते, आणि कसूर कोणी चारचौघांत बोलत नाही. अशा वेळी "तुझी काही चूक नाही रे" हे वाक्य जिभेवर येतं. ते गिळावं, कारण ते ऐकून समोरचा गप्प होतो, त्याचा प्रश्न तसाच राहतो. आम्ही वार विचारले. सोमवारी काय झालं, मंगळवारी कोणतं औषध दिलं, गुरुवारी ताप किती होता. त्याने सगळं क्रमाने सांगितलं. पुढच्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी अर्धा तास दिला. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो, आणि घरच्यांना नेमकं तेव्हाच वाटतं की पोरगं सुधारलं, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. "तुम्ही जे पाहिलं त्यावरून कोणत्याही बापाने हेच केलं असतं," असं त्या शेवटी म्हणाल्या. बाहेर येऊन गाडी सुरू करता करता तो थांबला आणि रडला. अपराध तेवढ्याने संपला नाही, अजूनही पूर्ण संपलेला नाही. पण आता त्याला नाव मिळालं होतं, कारण मिळालं होतं. वीज कुठे लीक होते हे कळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा तो माणूस आहे.

त्याचं गुपित आम्ही वहिनींना जाऊन सांगितलं नाही. कार्यकर्त्याला निरोप्या व्हायची घाई फार असते, ती आवरावी. आम्ही त्याला एवढंच म्हणालो, दप्तर माळ्यावर का टाकलं ते तू तिला सांग, बाकी काही सांगू नको. त्याने सांगितलं, "मला बघवत नव्हतं." चार शब्द नाहीत, तीनच आहेत. त्या रात्री दप्तर खाली आलं. माहेरी जायचं बोलणं काही दिवस थांबलं, मग एका भांडणात पुन्हा निघालं, मग पुन्हा थांबलं. अशी घरं एका रात्रीत जुळत नाहीत.

यातला पुढचा भाग आम्हाला जास्त शिकवून गेला. हेंक शूट, मार्गारेट स्ट्रोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नेदरलँड्समधला १९९७चा एक अभ्यास आहे. जोडीदार गेलेल्या बाया-पुरुषांना दोन प्रकारचं समुपदेशन दिलं, एक भावनांवर भर देणारं आणि दुसरं रोजच्या अडचणी सोडवण्यावर. पुरुषांना भावनेवरच्या मदतीचा अधिक उपयोग झाला आणि बायकांना अडचणी सोडवण्याचा. म्हणजे ज्याला जे येत होतं ते नव्हे, जे येत नव्हतं ते त्याच्या कामी आलं. याच दोघांनी पुढे, १९९९ साली, असं मांडलं की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये झोके घेतो, कधी गेलेल्याकडे, कधी उरलेल्या जगण्याकडे. झोका एका टोकाला अडकला की अडचण होते. वहिनींच्या बाबतीत तेच झालं. दिवाळीनंतर त्या वस्तीतल्या आशाताईंबरोबर आठवड्याच्या 'कोरडा दिवस' मोहिमेत फिरायला लागल्या. नागपुरात उन्हाळा संपला तरी कूलर उतरत नाहीत, टाकीत पाणी साचलेलं राहतं, आणि डासांच्या अळ्या तिथेच होतात. वहिनी घरोघर जाऊन टाक्या रिकाम्या करवून घेतात. कुणी कुरकुर केली तर पोराचं नाव सांगतात. रोज रडणाऱ्या बाईला हातांचं काम मिळालं, आणि सतत काम करणाऱ्या पुरुषाला बसून रडायची जागा मिळाली. म्हणून मित्राकडे जाताना त्याच्या रीतीने शिरावं, पण तिथेच थांबू नये.

आपल्यातले काही लोक म्हणतील, बौद्धाने रडायचं कशाला, सगळं अनित्य आहे. त्यांनी महापरिनिब्बान सुत्त पुन्हा वाचावं. तथागत जाणार हे कळल्यावर आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात, अनित्यतेची आठवण देतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. इतकी वर्षं किती प्रेमाने सेवा केलीस, असं त्याला म्हणतात आणि सर्व भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगतात. आनंद तेव्हा अर्हत नव्हता, असं कोणी सुचवेल. आमच्या वस्तीत तरी अजून कोणी झालेलं नाही. किसा गोतमीलाही त्यांनी मृत मुलाजवळ बसवून प्रवचन दिलं नाही, मोहरी आणायला दारोदार पाठवलं. हातांना काम दिलं आणि तेच दुःख भोगलेल्या माणसांशी गाठ घालून दिली.

आणि बाबासाहेब? चार लेकरं गमावलेला बाप होता तो. १९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न गेला, आणि महिन्याभराने दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपलं मन उघडं केलं. सभेत नव्हे, समोर बसूनही नव्हे. दुरून, कागदावर, एका मित्रापाशी. रमाई १९३५ च्या २७ मे रोजी गेल्या. पाकिस्तानवरचा ग्रंथ १९४० मध्ये आला, तेव्हा पाच वर्षांनंतरही तो त्यांनी रामूच्या स्मृतीलाच अर्पण केला. त्यांचे अश्रू किती होते यावर वाद घालणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका बघावी. बोलू न शकणाऱ्या मित्राला लिहायला सांगणं हाही एक रस्ता आहे. लांबलचक व्हॉट्सअॅप रात्री दोन वाजता आला तर त्याला अंगठा दाखवून मोकळं होऊ नये.

आमच्या हातांची मर्यादाही सांगितली पाहिजे. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा माणसांत सुमारे सात पुरुष असतात, हे एनसीआरबीच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून दिसतं. मित्र दारू वाढवत असेल, गाडी बेफाम चालवत असेल, उधारी चुकती करून कागद लावून ठेवत असेल, आवडत्या वस्तू वाटत असेल, किंवा "माझं आता काय राहिलं" म्हणत असेल, तर सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणी तरी विचारलं याचा आधार होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नये, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर आपणच फोन लावून त्याच्या हातात द्यावा. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, झोप-जेवण-काम काहीच रुळावर येत नसेल, तर मानसोपचार करणाऱ्यांकडे न्यावं. सोबत आपण जावं. चिठ्ठी देऊन एकट्याला पाठवलेला पुरुष अर्ध्या वाटेवरून परत येतो.

आणखी एक काम फार साधं आहे. पुण्यानुमोदनानंतर गर्दी ओसरते आणि खरं एकटेपण तिथून सुरू होतं. म्हणून गेलेल्याचा वाढदिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही तारखा आम्ही मोबाइलमध्ये टाकून ठेवतो. गेल्या जानेवारीत पोराचा वाढदिवस होता. आम्ही सकाळी फोन केला, कसा आहेस असं विचारलं नाही. "वाचनालयातला मागचा बोर्ड आज करायचा का?" म्हटलं. तो म्हणाला, "आज दुपारी ये. तिलाही घेऊन येतो."